साडेतीनला प्रवेश, दोनला स्वयंसेवक

‘शनिवार, २४ जानेवारी २०२६. संक्रांत आणि हळदीकुंकू. स्वयंसेवकांनी दुपारी २ वाजता यावं, त्याआधी दार उघडणार नाही. सभासदांना प्रवेश ३.३० वाजता. कार्यक्रम ४ वाजता सुरू. जेवण ६.१५. खिचडी आणणाऱ्यांनी ती तीननंतरच ट्रेमध्ये काढावी. प्रत्येक ट्रेवर नाव आणि पदार्थातले घटक लिहावेत. ८.३० वाजता हॉल रिकामा.’

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं निमंत्रण साधारण असं असतं. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या माणसाला त्यातल्या वेळा जरा कडक वाटतात. हळदीकुंकवाला कोणी साडेतीन आणि चार यांत फरक करतं का? इथे करावा लागतो, कारण यातली एकही वेळ कमिटीने मनाने ठरवलेली नसते. सगळा हिशेब शेवटच्या ओळीपासून उलटा मांडलेला असतो: साडेआठला हॉल बंद होतो.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ची आणि आज त्याची स्वतःची वास्तू आहे. अशी सोय फार थोड्यांच्या नशिबी. शिकागोचं मंडळ १९६९चं, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. पण या खंडातली बहुतेक मंडळं अजूनही शाळेचा कॅफेटेरिया, देवळाचा किंवा चर्चचा हॉल, नाहीतर गावाचं कम्युनिटी सेंटर तासांवर भाड्याने घेतात. त्यामुळे जागामालकाचे नियम हेच मंडळाचं पहिलं वेळापत्रक होऊन बसतं.

तारखेपासूनच बघा. २०२६मध्ये संक्रांत बुधवारी, १४ जानेवारीला. कामाच्या दिवशी संध्याकाळी मुलांना घेऊन तासभर गाडी चालवत कोणी येणार नाही, म्हणजे पुढचा शनिवार हवा. तो १७ तारखेचा. पण सोमवार १९ला मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, म्हणजे लाँग वीकेंड. निम्मे सभासद गावाबाहेर, आणि सुट्टीत शाळेचा हॉल मिळणंही अवघड. मग २४ तारीख उरते. ती शास्त्रातही बसते, कारण संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करतात आणि त्या वर्षी रथसप्तमी रविवारी, २५ जानेवारीला. एका दिवसाने का होईना, परंपरा आणि कॅलेंडर दोन्ही सांभाळली जातात.

आता हॉल. समजा, मंडळाने शाळेचा दोन हजार चौरस फुटांचा कॅफेटेरिया दुपारी २ ते रात्री ८.३० असा घेतला आहे. या साडेसहा तासांत टेबलं मांडणं आणि केर काढणं दोन्ही आलं. दोनच्या आधी दार उघडणारा कस्टोडियन कामावर नसतो आणि आत अलार्म लावलेला असतो. म्हणून स्वयंसेवकांना दीडला बोलावण्यात अर्थ नाही. उत्साहाने लवकर आलेली मंडळी बर्फात कुडकुडत उभी राहतात आणि कामाला हात लागतो तो दोनलाच. साडेआठनंतर थांबलं तर जादा तासाचं भाडं पडतं, शिवाय पुढच्या वेळी हॉल मिळताना अडचण येते.

माणसं किती बोलवायची, तेही हॉलच सांगतो. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बांधकाम नियमावलीत नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात आणि जेवणाची टेबलं मांडली तर १५. म्हणजे नाट्यप्रवेशासाठी ज्या हॉलमध्ये २८५ माणसं बसू शकतात, त्याच हॉलमध्ये जेवायला १३३. दाराजवळच्या पाटीवर हे आकडे लिहिलेले असतात. जेवणासकट कार्यक्रम करणाऱ्या कमिटीने म्हणूनच स्वयंसेवक, कलाकार आणि लहान मुलं धरून १२० नावांवर नोंदणी थांबवलेली बरी. आयत्या वेळी ‘पाहुणे आलेत, त्यांनाही आणू का?’ असे फोन येतातच. राखून ठेवलेल्या तेरा जागा त्यांच्यासाठी.

दोन ते साडेतीन या दीड तासाची कामं वाटून दिलेली असावी लागतात. नाहीतर सगळेच खुर्च्या उचलतात आणि माइक कोणीच तपासत नाही. टेबलं-खुर्च्यांना चार जण, आवाजयंत्रणेला दोन, हळदीकुंकवाच्या आणि वाणाच्या टेबलाला दोन, स्वयंपाकघराकडे तीन. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्यांना सव्वातीनला बोलावलं तरी चालतं. जानेवारीत आणखी एक काम निघतं, जे पुण्यात कोणाला सुचणार नाही: सव्वाशे जाड कोटांची आणि बर्फाने भिजलेल्या बुटांची जागा. ती दाराशी केली नाही, तर साडेतीनला आलेली रांग तिथेच तुंबते आणि चारचा कार्यक्रम साडेचारवर जातो. तो अर्धा तास शेवटी जेवणातून कापला जातो.

आणि जेवण हाच या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग.

सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, याला तिकडची मंडळी सरळ पॉटलक म्हणतात. वाटणीची जुनी पद्धत आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराची: ए ते एफ भाजी, जी ते एल भात, असं पुढे. अमेरिकी शाळांमध्ये ती बरी चालते. मराठी आडनावांना मात्र ती लागू पडत नाही. कुलकर्णी, कदम, काळे, जोशी, जाधव, पाटील, पवार, शिंदे, सावंत, देशपांडे हे सगळे चार-पाच अक्षरांत दाटीवाटीने बसतात आणि आय, ओ, क्यू यांच्या वाट्याला फारसं कोणी येत नाही. परिणामी भाताचे नऊ ट्रे आणि भाजीचे दोन, असं होतं. त्यापेक्षा पदार्थ आणि ट्रेची संख्या लिहिलेला सामायिक तक्ता बरा. एका ओळीत एक ट्रे, समोर नाव. भरलेली ओळ बंद.

ट्रेची संख्या कशी काढायची, ते खिचडीवरून कळेल. बाकीचे पदार्थ असताना माणशी ७० ग्रॅम कोरडे डाळ-तांदूळ पुरतात. १२० माणसांना ८ किलो ४०० ग्रॅम झाले. शिजल्यावर ही खिचडी जवळपास तिप्पट, म्हणजे २५ किलो भरते. दुकानात मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाफ ट्रेमध्ये साडेतीन किलोच्या आसपास मावतं. म्हणजे सात ट्रे, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला १ किलो २०० ग्रॅम डाळ-तांदूळ. एवढं घरच्या मोठ्या पातेल्यात निवांत होतं. निमंत्रणात नुसतं ‘खिचडी आणा’ लिहिलं, तर कोणी चार माणसांची आणतं, कोणी चाळीस जणांची.

गुळाच्या पोळीची गोष्ट वेगळी. ती दोन दिवस आधी केलेली चालते, उलट मुरलेली जास्त आवडते. ती गार खायची, वर तूप. तिळगूळही तसाच. सणाचे हे मुख्य पदार्थ आधी तयार असल्यामुळे शनिवारची सकाळ मोकळी राहते आणि जपायला उरतात फक्त गरम पदार्थ, खिचडी आणि भोगीची भाजी. साध्या पोळ्यांच्या वाटेला कमिटीने जाऊच नये. माणशी दोन म्हटलं तरी २४० होतात. त्या घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बाईंकडून आणाव्यात आणि खर्च प्रवेशशुल्कात धरावा. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पत्रावळ्या, पाणी आणि बर्फ सोपवलं की त्यांचाही वाटा होतो.

‘तीननंतरच ट्रेमध्ये काढावी’ या वाक्यात मात्र थोडं विज्ञान आहे. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत आणि त्याने एकदा विष तयार केलं की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. अमेरिकी अन्ननियमांत ५ ते ५७ अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतात आणि त्या पट्ट्यात गेल्यापासून चार तासांपेक्षा जुनं अन्न टाकून द्यायला सांगतात. सकाळी अकराला झालेली खिचडी सव्वासहाला वाढली, तर मधे सात तास जातात. तीच तीनला उकळती ट्रेमध्ये काढली, वर फॉइल घट्ट लावलं आणि आधी गरम पाणी भरून तापवलेल्या पिकनिकच्या कूलरमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवली, तर सव्वातीनच तास होतात आणि त्यातला बराच वेळ ती ५७च्या वरच असते.

स्वयंपाकघरातल्या स्वयंसेवकाच्या हातात सुईचा थर्मामीटर असावा आणि त्याने दोनदा मोजावं. साडेतीनला आलेला ट्रे कडक गरम असेल आणि सहाला ५० अंशांवर उतरला असेल, तर तो आधी वाढायचा आणि उरलेलं घरी न्यायचं नाही. साडेतीनलाच कोमट आलेला ट्रे मात्र बाजूला ठेवायचा. त्याचं घड्याळ कधी सुरू झालं, ते कोणालाच सांगता येणार नाही. तो ट्रे कष्टाने करून आणलेला असतो, त्यामुळे हे सांगणं फार जड जातं. म्हणूनच ही सूचना निमंत्रणात आधीच, सर्वांसाठी सारखी लिहिलेली असली पाहिजे.

हॉलवर गरम करू, हा भरवसाही ठेवू नये. शाळांचं स्वयंपाकघर बहुधा कुलुपात असतं आणि ज्योतीवर चालणाऱ्या शेगड्यांना मनाई असते. उरतात विजेची भांडी. १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १८०० वॅट चालतात. चहाचा मोठा अर्न एकटाच १५०० वॅट घेतो. त्याच भिंतीवर दोन स्लो कुकर लावले की फ्यूज उडतो, आणि आवाजयंत्रणा त्याच सर्किटवर असेल तर गाणं मधेच तुटतं. दोनला आलेल्या माणसाने चहासाठी वेगळ्या भिंतीवरचं, वेगळ्या सर्किटचं सॉकेट कस्टोडियनला विचारून ठरवून घ्यावं.

घटक लिहिण्याचा आग्रह संक्रांतीला विशेष महत्त्वाचा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून तीळ हा नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून कायद्याने मान्य झाला. शेंगदाणा आणि गहू त्या यादीत आधीपासून होते. तिळगुळाच्या एका लाडवात तीळ आणि शेंगदाणा दोन्ही असतात, गूळपोळीत गव्हाची भर. काही शाळांच्या इमारतीत शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते. तेव्हा करार वाचून दाण्याचं कूट वगळून फक्त तिळाचे लाडू करावे लागतात. मुलं एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतात, पाटी कोणी वाचत नाही. म्हणून नोंदणी करतानाच अ‍ॅलर्जी विचारून घ्यावी आणि अशा मुलांच्या आईवडिलांना तिळगूळ वाटायच्या आधी सांगावं. त्यांच्यासाठी हलव्याची वेगळी वाटी ठेवली, तर तीळ न घातलेला, नुसत्या साखरेचा किंवा खसखशीवरचा हलवा हवा, कारण हलव्याच्या दाण्यातही बहुधा तीळच असतो.

पावणेआठला जेवण आवरायला घ्यावं लागतं. ट्रे गोळा करणं, टेबलं पुसणं, कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेणं, खुर्च्या जशा होत्या तशा लावणं, सगळं पाऊण तासात. नाव नसलेली कालथी आणि डबे सर्वांत शेवटी उरतात, म्हणून नाव चिकटपट्टीवर लिहून भांड्याच्या बुडाला लावायला सांगतात. त्याच वेळी एकाने तक्त्यावर नोंद करायची असते: खिचडीचे सातपैकी किती ट्रे संपले, पोळ्या किती वाजता संपल्या, नोंदवलेल्या १२०पैकी किती जण आले. पुढचा कार्यक्रम गुढीपाडव्याचा. तो १९ मार्चला, गुरुवारी येतो, म्हणजे हॉल शनिवार २१साठी मागायचा. त्या निमंत्रणातला ट्रेचा आकडा या नोंदीवरून ठरेल.