सॉर्बिटॉल प्रूनमध्ये आहे, मनुकांत नाही

पोट साफ होत नाही म्हटलं की आपल्याकडे तीन उपाय एका दमात सांगितले जातात: मनुका, अंजीर आणि अलीकडे प्रून, म्हणजे सुकवलेला आलुबुखार. हे तिन्ही सुकामेव्याच्या एकाच बरणीत बसतात, म्हणून ते पोटात गेल्यावर कामही एकच करत असतील असं गृहीत धरलं जातं. त्यात इंटरनेटवरून ‘सॉर्बिटॉल’ हा शब्द कानावर आला, की तो तिघांनाही चिकटवला जातो. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

गैरसमज: सगळ्या सुक्या फळांत सॉर्बिटॉल असतं

सॉर्बिटॉल ही साखरेच्याच घराण्यातली, पण आतड्यात अगदी सावकाश शोषली जाणारी गोष्ट. सफरचंद, नाशपती, पीच, जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार ही सगळी झाडं गुलाबाच्या कुळातली. बहुतेक झाडं पानात तयार झालेलं अन्न फळापर्यंत उसाच्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या रूपात पोचवतात. या कुळातली ही फळझाडं मात्र त्यातला मोठा भाग सॉर्बिटॉलच्या रूपात पाठवतात. म्हणून त्यांच्या फळांत ते साठतं, आणि फळ सुकवलं की पाणी उडून त्याचं प्रमाण आणखी वाढतं. 100 ग्रॅम प्रूनमध्ये साधारण 14 ते 15 ग्रॅम सॉर्बिटॉल असतं.

द्राक्षाचं कूळ वेगळं. अंजीर तर वड-पिंपळ-उंबराच्या घरातलं. या दोघांची गोडी प्रामुख्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची असते. सॉर्बिटॉल असलंच तर नगण्य. तेव्हा ‘सॉर्बिटॉल आणि चोथा मिळून काम करतात’ हे वाक्य खरं आहे, पण ते प्रूनबद्दल. अंजीर मुख्यतः चोथ्यावर चालतं. मनुकांची गोष्ट आणखी वेगळी आहे, ती पुढे येईल.

गैरसमज: चोथा पोटात गेला की झालं, बाकी सगळं जाहिरातबाजी

हे पडताळायला एक चांगला प्रयोग हाताशी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जुन्या बद्धकोष्ठतेच्या 40 रुग्णांवर तो झाला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला तीन आठवडे प्रून आणि तीन आठवडे इसबगोल दिलं. कोणाला आधी हे, कोणाला आधी ते. प्रून 50 ग्रॅम सकाळी आणि 50 ग्रॅम संध्याकाळी, म्हणजे दिवसाला दहा-बारा. खुबी अशी, की दोन्हींतून मिळणारा चोथा सारखाच ठेवला होता: दिवसाला 6 ग्रॅम.

सारा खेळ चोथ्याचाच असता, तर दोन्हींचा निकाल सारखा लागायला हवा होता. तसं झालं नाही. रेचक न घेता आणि पोट पूर्ण मोकळं झाल्याच्या भावनेने शौचाला होण्याचं आठवड्याचं प्रमाण प्रूनच्या काळात सरासरी 3.5 आलं, इसबगोलच्या काळात 2.8. मलही प्रूनने अधिक मऊ झाला. वरचा फरक कशाचा? सर्वांत पहिला संशय अर्थातच सॉर्बिटॉलवर जातो, कारण 100 ग्रॅम प्रूनबरोबर ते दिवसाला 14-15 ग्रॅम जात होतं आणि इसबगोलमध्ये ते नसतं.

हे सॉर्बिटॉल करतं काय, तर पाणी धरून ठेवतं. लहान आतड्यात त्याचा काही भाग शोषला जातो, उरलेला तसाच पुढे सरकतो. आतड्यात न शोषलेले कण असले की त्यांच्यासोबत तेवढं पाणीही आतच राहतं, कारण आतड्यातल्या पाण्यातली विरघळलेल्या कणांची दाटी रक्ताइतकीच राखली जाते. हिशेब करून पाहता येतो. 15 ग्रॅम सॉर्बिटॉल अजिबात शोषलं गेलं नाही असं धरलं, तर त्याच्यासोबत पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी आतड्यात अडकून राहील. प्रत्यक्षात ते कमीच असतं. बराच भाग वाटेत शोषला जातो, आणि मोठ्या आतड्यात पोचलेल्यावर जिवाणू तुटून पडतात. तरीही मोठ्या आतड्याला मिळणारा माल आधीपेक्षा ओला असतो.

आता चोथ्याचं काम. मोठं आतडं मुळात पाणी शोषून घेण्याचं काम करतं. मल तिथे रेंगाळला की कोरडा पडतो आणि खडा होतो. नुसतं सॉर्बिटॉल पाणी आणून सोडतं, पण ते पाणी मलात टिकवायला काहीतरी लागतं. प्रूनचा बराचसा चोथा पेक्टिनसारखा विरघळणारा असतो, म्हणजे जॅम ज्याच्यामुळे घट्ट होतो ते. तो पाणी बांधून ठेवतो. न विरघळणारा भाग मलाचं आकारमान वाढवतो. जिवाणू सॉर्बिटॉल आणि पेक्टिन दोन्ही आंबवतात, स्वतः वाढतात, आणि मलाच्या वजनात त्यांचीही भर पडते. या आंबण्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या हालचालीलाही थोडी चालना देतात.

प्रूनच्या गाळलेल्या रसात चोथा फारच थोडा उरतो, सॉर्बिटॉल मात्र बरंच राहतं. तरीही तो रस सौम्य रेचक आहे. इथेही बोट सॉर्बिटॉलकडेच जातं. डॉक्टर सॉर्बिटॉलचं द्रावण रेचक म्हणून स्वतंत्रपणेही देतात.

मात्र आयोवाच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. रुग्णाला आपण काय खातोय ते कळतच होतं, त्यामुळे ‘फळ बरं’ या भावनेचा हात असू शकतो. प्रूनमध्ये पॉलिफिनॉलही भरपूर असतात, त्यांचा वाटा वेगळा काढलेला नाही. आणि 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात दिवसाला 100 ग्रॅम प्रून, 12 ग्रॅम इसबगोल आणि दोन हिरवी किवी यांचे परिणाम साधारण सारखेच निघाले. किवीचा त्रास सर्वांत कमी होता. तेव्हा प्रून इसबगोलला हरवतंच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते इसबगोलच्या तोडीचं आहे, एवढं नक्की. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही आधी पुरावा अपुरा म्हणून प्रूनने पोट साफ राहतं हा दावा फेटाळला होता. 2012 मध्ये तो मान्य केला, पण दिवसाला 100 ग्रॅम या मात्रेलाच.

गैरसमज: रात्री दहा मनुका भिजवल्या की सकाळी काम होतं

बेदाणा असतो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. दहा बेदाणे म्हणजे पाच ग्रॅम. 100 ग्रॅम बेदाण्यांत चोथा साधारण चार ग्रॅम धरला, तर दहा दाण्यांतून मिळाला 0.2 ग्रॅम. बिया असलेल्या मोठ्या काळ्या मनुका घेतल्या तरी अर्धा ग्रॅम जेमतेम होईल. प्रौढ माणसाची रोजची गरज 25 ते 30 ग्रॅम. आयोवातला सहा ग्रॅमचा आकडा एकट्या बेदाण्यांनी गाठायचा, तर दीडशे ग्रॅम खावे लागतील, आणि त्यातून साडेचारशेच्या आसपास कॅलरी पोटात जातील.

मग दहा मनुकांनी ज्यांना गुण येतो त्यांना कशाने येतो? माझ्या मते पुष्कळदा त्यांच्यासोबत रिकाम्या पोटी प्यायलेल्या पेलाभर पाण्याने आणि ठरलेल्या वेळी शौचाला बसण्याच्या सवयीने. हे वाईट मुळीच नाही, श्रेय फक्त योग्य जागी जावं.

मनुकांत काहीच नाही असंही नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल सुकल्यावरही राहतं, त्याचा मोठा भाग लहान आतड्यात शोषला जात नाही, आणि ते सॉर्बिटॉलसारखंच थोडं पाणी धरतं. पण ज्या प्रयोगात बेदाण्यांनी मल मऊ झाला आणि पुढे लवकर सरकला, त्यात मात्रा दिवसाला 120 ग्रॅम होती. मूठभर नव्हे, वाटीभर. तासगावचे पिवळे घ्या की काळे, या बाबतीत रंगाने फरक पडत नाही.

भिजवण्याबद्दलही थोडं. भिजवल्याने चोथा वाढत नाही. फळ मऊ होतं, चावायला सोपं जातं, दात नसलेल्यांना बरं पडतं. पण सॉर्बिटॉल, साखर आणि आम्ल पाण्यात विरघळतात, म्हणून प्रून भिजवून पाणी ओतून देणं म्हणजे अर्धं औषध मोरीत सोडणं. मनुकांचं नुसतं पाणी पिणाऱ्यांना मात्र साखर आणि थोडं आम्ल मिळतं. चोथा वाटीतच राहतो.

गैरसमज: अंजिरातलं विकर पोट साफ करतं

अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं प्रथिन पचवणारं विकर असतं, हे खरं. पण ते कच्च्या फळाच्या चिकात. पिकून सुकलेल्या फळात ते फारसं उरत नाही, आणि उरलं तरी जठरात तेच पचून जातं. अंजिराची ताकद साधी आहे: 100 ग्रॅममध्ये जवळजवळ 10 ग्रॅम चोथा, म्हणजे प्रूनपेक्षाही जास्त. दोरीत ओवलेली दोन मोठी अंजिरं 25 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि अडीच ग्रॅम चोथा देतात. दहा बेदाण्यांच्या कैक पट. सॉर्बिटॉलची जोड नसल्याने पाणी मात्र वरून प्यावं लागतं. कोरडा चोथा आणि कमी पाणी असलं की मल उलट अडतो.

गैरसमज: फळच आहे, कितीही खाल्लं तरी चालेल

सॉर्बिटॉलचे साधारण 10 ग्रॅम एकदम गेले तर अनेकांना गुबारा धरतो, 20 ग्रॅमला मुरडा येऊन पातळ होऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा प्रून खाऊ नयेत. चार-पाचांपासून सुरुवात करावी, तीन-चार दिवस थांबून पाहावं, मग वाढवावं, आणि मात्रा दोन वेळांत विभागावी. गॅस वाढतोय पण मल मऊ होत नाही, असं दिसलं तर आणखी वाढवण्यात अर्थ नाही. ज्यांचं आतडं मुळातच संवेदनशील आहे, पोट दुखून शौचाला जावं लागतं, त्यांना सॉर्बिटॉल सोसत नाही. त्यांनी इसबगोल किंवा किवी करून पाहावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तिन्ही फळं डॉक्टरांना विचारूनच खावीत, कारण त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. मधुमेहींनी साखरेच्या दृष्टीने बेदाण्यांपेक्षा प्रून बरं समजावं, पण मोजूनच.

आणि काहींना यातलं काहीच लागू पडणार नाही. मल मऊ आहे, तरी बाहेर पडत नाही, जोर लावावा लागतो, बोटाने मदत करावी लागते: अशा वेळी दोष आतड्यात नसून शौचाच्या वेळी सैल पडायला हवेत ते स्नायू आवळले जाण्यात असू शकतो. तिथे आणखी चोथा म्हणजे बंद दारामागे आणखी गर्दी. त्यावर गुदद्वाराच्या स्नायूंचं बायोफीडबॅक प्रशिक्षण हा उपचार आहे, आणि तो पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने करून घ्यावा लागतो. मलात रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल, तर सुकामेव्याचा प्रयोग करण्यात आठवडे घालवू नयेत.