दुसरीच्या वर्गात दातांचा तास

प्राथमिक शाळेत दातांवर तास घ्यायचा ठरला की एक मोठा प्लास्टिकचा जबडा येतो, हातभर लांबीचा ब्रश येतो, ‘दोन वेळा दात घासा, चॉकलेट खाऊ नका’ असं मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतलं जातं आणि फोटो काढून सगळे मोकळे होतात. मुलांना हे सगळं आधीच पाठ असतं. त्यापेक्षा अख्खा तास एकाच दाताभोवती गुंफावा, असं माझं मत आहे. तो दात म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ.

ही दाढ गुपचूप येते. पुढचे दुधाचे दात हलतात, पडतात, त्याचा घरभर बोभाटा होतो. ही मात्र शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पाडता हिरडीतून वर सरकते. त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर तिचा माथा शेजारच्या दाढेपेक्षा खालीच असतो आणि पुढेमागे फिरणारा ब्रश तिच्या वरून निघून जातो. माथ्यावरच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा तसाच बसून राहतो. दुसरीतल्या बहुतेक मुलांच्या तोंडात ही दाढ आलेली असते, म्हणून हा तास दुसरीसाठी.

वेळ ४० मिनिटं धरू. दोन बिटांच्या फोडी, घरून आणलेले छोटे आरसे, ज्याचा त्याचा ब्रश, पेस्ट, पाणी आणि लाल खडू एवढ्यावर भागतं. ब्रश नसलेली मुलं निघतातच, त्यांच्यासाठी चार-पाच नवे ब्रश जवळ असावेत. एकाचा ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही आणि बाईंनीही कुणाच्या तोंडात बोट घालायचं नाही.

आधी दाढ शोधायची. आरशात बघत मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं: एक, दोन, तीन, चार, पाच. त्यानंतर सहावी दिसली तर ती नवी पाहुणी. काहींना हिरडीतून डोकावणारं टोकच दिसेल, काहींना अजून काहीच दिसणार नाही. दोन्ही ठीक, हे बाईंनी आधीच सांगून टाकावं, नाहीतर एखादं पोर हिरमुसतं.

मग बीट. प्रत्येकाने कच्च्या बिटाची फोड चावायची, जिभेने रस सगळ्या दातांवर फिरवायचा, थुंकायचं आणि एकदाच हलकी चूळ भरायची. जीभ-ओठ लाल होतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. दात आणि हिरडी जिथे मिळतात ती कड आणि मागच्या दाढांच्या खाचा पाहायच्या. जिथे जंतूंचा चिकट थर साचलेला असतो तिथे रंग जास्त धरतो. दातांच्या डॉक्टरांकडच्या गोळीइतका तो ठळक नसतो, पण ‘मी सकाळीच घासले होते’ म्हणणाऱ्याला आपल्याच दाढेवरची लाली दाखवायला पुरतो. हे काम नळाजवळ करावं, नाहीतर गणवेशावरच्या डागांचा जाब शाळेला विचारला जातो!

लाली दिसली की ब्रश हातात घ्यायचा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीतली ब्रशभर लांब नागमोडी रेघ नको. नव्या दाढेसाठी ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालायचा. तोंड अर्धंच उघडलं की गाल सैल पडतो आणि ब्रश मागे पोचतो. मुलं नेमकी उलटं करतात, जबडा ताणून आ वासतात. घासून झालं की फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडं राहिलेलं चांगलं. गिळायची मात्र नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे दिसतात. ते न घासल्याने आलेले नसतात. अशा मुलाला वर्गासमोर बोलणं लागणार नाही, हे शिक्षकांनी सांभाळायला हवं. कुणी ‘आमची आजी मशेरी लावते’ असं सांगेल. तेव्हा आजीला नावं न ठेवता, ती भाजलेली तंबाखू आहे आणि मुलांनी तिला हात लावायचा नाही, एवढं सरळ सांगावं.

गोड खाण्याच्या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. इथे ‘किती खाल्लं’ यापेक्षा ‘कितीदा खाल्लं’ हे महत्त्वाचं. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल बनवतात. लाळ ते हळूहळू निवळते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढा वेळ दाताच्या पृष्ठभागातून क्षार निघत राहतात. पुढे मोकळा वेळ मिळाला तर लाळ ते परत भरते. न मिळाल्यास खड्डा पडतो.

फळ्यावर सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत एक आडवी रेघ ओढा आणि एका मुलाचा कालचा दिवस वर्गाकडून वदवून घ्या. साडेसातला चहा-बिस्किट. दहाला शाळेच्या वाटेवर लिमलेटची गोळी. दुपारी शाळेतली खिचडी. तीनला दुकानातलं क्रीमचं बिस्किट. साडेपाचला पुन्हा चहा. सातला पाहुण्यांनी आणलेलं चॉकलेट. झोपताना साखर घातलेलं दूध. खिचडी सोडून प्रत्येक वेळेपुढे अर्ध्या तासाची लाल पट्टी काढा. सहा पट्ट्या, म्हणजे कमीत कमी तीन तास. आता दहाची गोळी आणि सातचं चॉकलेट पुसून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला जोडा, तीनच्या बिस्किटाच्या जागी शेंगदाणे किंवा पेरू लिहा, दुधातली साखर काढा. गोड खाणं बंद झालं नाही, पण सुट्या पट्ट्या दोनच उरल्या. जेवणाबरोबरच्या गोडाने आम्ल होतच नाही असं नाही, पण जेवताना लाळ भरपूर सुटते आणि वेगळी फेरी वाचते. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणून रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. चिक्की आणि गोळी यांवर मुलं वाद घालतात. चिक्की पौष्टिक खरी, पण गूळही साखरच आणि ती खाचांत चिकटून बसते, म्हणून तीही जेवणाबरोबर.

तपासणीसाठी पाच मिनिटं पुरतात. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि दातही बघतं. पथक काय करतं, ते मुलांना सांगावं: उजेड पाडून बघतात, मोजतात, लिहितात. ‘दवाखान्यात काहीच दुखणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये. एखाद्याची दाढ काढावी लागली तर पुढच्या वेळी ते मूल बाईंवर विश्वास ठेवत नाही. नव्या दाढेच्या खाचा किडण्याआधी पातळ लेप लावून बुजवता येतात. त्याला सुई लागत नाही, कोरावंही लागत नाही. पथकाची वाट न पाहता मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ते तीन गोष्टी दिसल्या तर: रात्री दाढ दुखून जाग येणं, हिरडीवर पुळी येणं आणि एकाच बाजूने चावणं. तिसरी खूण जेवताना बाईंनाच आधी दिसते. न वापरलेल्या बाजूच्या दातांवर पांढरट थर जास्त साचलेला असतो.

जाताना प्रत्येकाच्या वहीत घरच्यांसाठी चिठ्ठी: ‘सर्वांत मागची दाढ कायमची आहे. रात्री झोपण्याआधी तिच्यावरून तुम्ही स्वतः ब्रश फिरवा.’ सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला अजून तेवढं वळण नसतं, त्यामुळे ही चिठ्ठी नसेल तर वर्गातला अर्धा तास फुकट जातो. महिन्याने पुन्हा बीट आणावं. पुढच्या दातांची लाली बहुधा कमी झालेली असेल. मागच्या दाढेवरची तशीच राहिली असेल, तर चिठ्ठी घरी कुणी वाचली नाही असं समजावं आणि पालकसभेत आई-वडिलांच्याच हातात आरसा द्यावा.