दहा गोळ्या कुठे गेल्या?

झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या, क्षयरोगाची औषधे आणि नव्या पिढीची प्रतिजैविके ‘शेड्यूल एच१’ या यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून या औषधांच्या विक्रीची नोंद मेडिकल दुकानाला वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या तिथे लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षे जपायचे.

एवढ्या नोंदीवरून औषध कोणाला गेले ते कळते. ते कुठून आले आणि उरलेल्याचे काय झाले ते कळत नाही. म्हणून जाणकार फार्मासिस्ट त्यात आणखी दोन रकाने आखतो: विक्रीच्या बिलाचा क्रमांक आणि बॅच. खरेदीच्या बिलावरही बॅच छापलेली असते. मग प्रत्येक बॅचचा ताळा घालता येतो: आलेल्या मालातून विकलेला आणि परत केलेला वजा केला, की उरेल तेवढा माल कपाटात दिसला पाहिजे.

समजा, अल्प्राझोलमच्या एका बॅचच्या दहा गोळ्यांच्या तीस स्ट्रिप आल्या, म्हणजे ३०० गोळ्या. रजिस्टरप्रमाणे २१० विकल्या गेल्या. मुदत संपत आल्याने सहा स्ट्रिप, म्हणजे ६० गोळ्या, डिस्ट्रिब्युटरला परत गेल्या. कपाटात ३० हव्यात, पण २० निघाल्या.

अशा वेळी त्याच औषधाची दुसरी बॅच मोजायची. तिथे नेमक्या दहा जास्त भरल्या, तर बहुधा लिहिण्यातली चूक आहे: गोळ्या पहिल्या बॅचच्या दिल्या, नोंद दुसरीची झाली. दुसरी बॅच बरोबर असेल, तर परतीचे चलन आणि विक्रीची बिले रजिस्टरशी ताडून पाहायची. बिल आहे पण नोंद नाही, असे निघाले तर चूक सापडली. बिलही नसेल, तर गोळ्या कागदाबाहेर गेल्या असाव्यात. सवय लावणाऱ्या औषधाच्या बाबतीत औषध निरीक्षक नेमके हेच विचारतो.

परतीच्या मालात गोंधळ जास्त होतो. मुदत संपलेली स्ट्रिप विकता येत नाही. परत जाईपर्यंत ती वेगळ्या खोक्यात ठेवावी लागते आणि खोक्यावर ‘नॉट फॉर सेल’ लिहावे लागते. खोक्यात टाकली म्हणून ती शिलकीतून वजा होत नाही. डिस्ट्रिब्युटरचा माणूस चलनावर सही करून माल नेतो, तेव्हाच वजाबाकी करायची. पुढे क्रेडिट नोट आली की तिचा क्रमांक त्याच ओळीत लिहायचा. चलनावर सहा स्ट्रिप आणि क्रेडिट नोटमध्ये पाच असतील, तर फरक त्याच दिवशी विचारता येतो.

डिस्ट्रिब्युटरही आपल्या संगणकात बॅच पाहतो. त्याने न विकलेली बॅच तो सहसा परत घेत नाही. दोन डिस्ट्रिब्युटरांकडून एकच औषध घेणाऱ्या दुकानात म्हणूनच खरेदी बिलाचा क्रमांकही बॅचसमोर हवा.

या ताळ्यालाही मर्यादा आहे. चिठ्ठी खोटी असेल किंवा रुग्णाचे नाव बनावट असेल, तरी बेरीज तंतोतंत जुळेल. ती चिठ्ठी वाचणाऱ्यालाच ओळखावी लागते.