विशेषण नको, नोंद हवी

‘कामात सुधारणा आवश्यक’ एवढ्याच ओळीचं पत्र हाती पडलं, तर माणूस धास्तावतो. पण नेमकं काय चुकलं ते त्याला कळत नाही.

समजा, पुण्यातल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात एक कर्मचारी पुरवठादारांची बिलं नोंदवतो. जूनमधल्या 200 बिलांपैकी 18 बिलांत जीएसटीची रक्कम चुकली. पत्रात ‘निष्काळजी’ हा शब्द नको. त्या बिलांचे क्रमांक, तारखा आणि चुकीचा प्रकार हवा. पत्र देण्याआधी साहेबांनी त्याच्याशी बोलायला हवं, कारण खरं कारण तिथेच कळतं: नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवशी तो रजेवर होता.

मग दोघं मिळून उद्दिष्ट ठरवतात. ऑगस्टच्या 200 बिलांत चुका चारपेक्षा जास्त नसाव्यात. कार्यालय दोन दिवसांचं प्रशिक्षण देईल आणि दर सोमवारी वरिष्ठ सहकारी वीस बिलं तपासेल. हे आश्वासनही पत्रातच लिहायचं. नाहीतर कामाच्या धबडग्यात मदत राहून जाते आणि आढाव्याला फक्त चुका मोजल्या जातात. हा सरळ अन्याय आहे.

आढाव्याची तारीख 2 सप्टेंबर. कर्मचाऱ्याचं म्हणणं लिहायला खाली जागा सोडावी. उद्दिष्ट गाठलं, तर तेही लेखी कळवून प्रकरण बंद करावं.