नमुना प्रकरणाआधी हक्काची ओळ

सिन्नरच्या एखाद्या अनुवादकाला बाबुराव बागुलांची ‘सूड’ इंग्रजीत न्यायची आहे असे समजू. बागूल जवळचेच, नाशिकरोडलगतच्या विहितगावचे. त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथासंग्रहाचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये आला. ‘सूड’ या १९७० च्या छोटेखानी कादंबरीकडे मात्र कथांच्या मानाने कमीच वाचक वळतात. अशा वेळी प्रकाशकाला जाणाऱ्या ईमेलमध्ये बहुतेक अनुवादक पहिला परिच्छेद लेखकाच्या थोरवीवर खर्च करतात. माझ्या मते तिथे हक्कांची स्थिती हवी. बागूल २००८ मध्ये गेले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत, हक्क राहतात आणि अनुवादाचा हक्क त्यातच येतो. हक्क कोणाकडे आहे हे कळल्याशिवाय प्रकाशकाने प्रकरण आवडीने वाचले तरी त्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की प्रकाशकच ठरलेला नसताना वारस सही कशाला करतील? पण पूर्ण करार मागायचाच नाही. ‘नमुना अनुवाद करून प्रकाशकांना दाखवण्यास अमुक मुदतीपर्यंत हरकत नाही’ एवढे सहीचे पत्र पुरते. खरी गोम पुढच्या करारात आहे. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुस्तक परदेशात विकू पाहणाऱ्या प्रकाशकाचे एवढ्यावर भागत नाही, म्हणून मुदत आणि प्रदेश यांची चर्चा आधीच झालेली बरी.

नमुन्याबद्दल माझे मत थोडे वाकडे आहे. सवयीने कादंबरीची सुरुवात पाठवली जाते. बागुलांच्या गद्यात चढत जाणारी, एकावर एक विशेषणे रचणारी लांब वाक्ये आणि रस्त्यावरची रोखठोक बोली शेजारी शेजारी नांदतात. हे दोन्ही जिथे एकत्र येते ती सलग दहा-पंधरा पाने निवडावीत. लांब वाक्य तोडून चार सुटसुटीत वाक्ये केली की इंग्रजी गोड वाचते, पण बागूल राहत नाहीत. अनुवादात ते टिकले आहेत हे संपादकाला कळावे म्हणून मूळ मराठी पानेही सोबत जोडावीत. मधलेच पान वाचून संदर्भ कसा लागणार, असे कोणी म्हणेल. त्यासाठी नमुन्याच्या डोक्यावर तीन ओळींची पूर्वकथा द्यावी, आणि एका पानाच्या वेगळ्या सारांशात शेवटही सांगून टाकावा. उत्कंठा राखणे मलपृष्ठाचे काम. संपादकाला कादंबरी कुठे पोचते हेच आधी ठरवायचे असते.

उरला ‘आताच का’ हा प्रश्न. तिथे २०१८ चा अनुवाद लपवण्यापेक्षा तोच पुढे करावा. कथाकार बागूल इंग्रजीत वाचकांना भेटलेले आहेत, कादंबरीकार बागूल वेगळे कसे, एवढेच दोन वाक्यांत लिहावे.