प्रभुभोजनाआधीचे चार शब्द

मंडळी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी पाळक थोडा वेळ बोलतात. त्या बोलण्याचे मूळ करिंथ शहरातल्या एका भांडणात आहे. इ.स. 55 च्या सुमारास पौलाने इफिसहून तिथल्या मंडळीला पत्र लिहिले. तेव्हा हे भोजन कुणाच्या तरी घरी, पोटभर जेवणासह होत असे. सुखवस्तू लोक आधीच खाऊन-पिऊन घेत, काहींना तर नशा चढे. गरीब उपाशी राहत.

पौलाने आधी येशूच्या शेवटच्या रात्रीची आठवण करून दिली, मग प्रत्येकाला स्वतःची पारख करायला सांगितले. ही पारख पुष्कळदा केवळ खासगी पापांपुरती मानली जाते आणि भाविक घाबरून भाकर न घेताच बसून राहतात. पत्राचा रोख वेगळा आहे. शेजारच्या भावाबहिणीला आपण कसे वागवतो ते तपासा आणि मग जेवा, एकमेकांसाठी थांबा.

पण भांडण उघड असेल तर?

इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात याचा नियम आहे. वैर धरणाऱ्यांना समेट होईपर्यंत भोजनाला घेऊ नये. मात्र एकाने मनापासून क्षमा केली, स्वतःची चूक भरून द्यायची तयारी दाखवली आणि दुसरा अडूनच बसला, तर पहिल्याला घ्यावे. ही तरतूद फार मोलाची आहे. नाहीतर एकाच्या हट्टापायी दुसराही भाकरीला मुकला असता. कुणाला असे थांबवले, तर पाळकाने 14 दिवसांच्या आत वरिष्ठ धर्माधिकाऱ्याला कळवायचे असते.