मर्केटरचा नकाशा: ध्रुवाकडचे प्रदेश का फुगतात?

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात ग्रीनलंड हे बेट भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते. प्रत्यक्षात त्याचे क्षेत्रफळ सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जेमतेम दोन तृतीयांश आहे. पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट कागदावर मांडण्याच्या गणिती रीतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि हा फरक त्या रीतीतून निर्माण होतो.

गैरसमज: पृथ्वीच्या गोलात दिवा ठेवून भोवतीच्या नळकांडीवर पडलेली सावली म्हणजे मर्केटरचा नकाशा.

वस्तुस्थिती: अशा सावलीतून तयार होणारा नकाशा वेगळा असून त्यात उत्तर-दक्षिण ताण मर्केटरपेक्षाही अधिक असतो. मर्केटर प्रक्षेपण सावलीतून नव्हे, तर हिशेबातून घडते. गोलावर सर्व रेखावृत्ते ध्रुवापाशी एकत्र येतात, पण या नकाशात ती समांतर उभ्या रेषा म्हणून काढलेली असतात. त्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे प्रत्येक अक्षवृत्त आडवे ताणले जाते. विषुववृत्ताची लांबी सुमारे 40,000 किलोमीटर आणि 60 अंशांवरील अक्षवृत्ताची त्याच्या निम्मी, म्हणजे 20,000 किलोमीटर असते. मात्र 40 सेंटिमीटर रुंदीच्या नकाशावर दोन्ही रेषा सारख्याच लांब असल्यामुळे विषुववृत्तावर एक सेंटिमीटर म्हणजे 1,000 किलोमीटर, तर 60 अंशांवर केवळ 500 किलोमीटर ठरतात. एवढ्यावरच थांबले असते तर तेथील प्रदेश नुसते आडवे पसरट दिसले असते. त्यांचा स्थानिक आकार बिघडू नये म्हणून मर्केटरने तेवढाच ताण उत्तर-दक्षिण दिशेलाही दिला, आणि दोन पट रुंदी गुणिले दोन पट उंची या न्यायाने 60 अंशांवर क्षेत्रफळ चौपट झाले.

ग्रीनलंडच्या मध्यभागी, 72 अंशांच्या आसपास, हीच वाढ दहा पटींच्या पुढे जाते, तर भारताच्या मध्यभागी ती सुमारे 1.16 पट एवढीच असते. भारताहून लहान असलेले ग्रीनलंड नकाशावर भारताच्या सहा पटींहून अधिक मोठे दिसते, ते यामुळेच. प्रत्यक्ष ध्रुवावर हा ताण अनंत होत असल्याने ध्रुव या नकाशात दाखवताच येत नाही, आणि कागद कोठेतरी कापावाच लागतो.

गैरसमज: युरोपला मोठे दाखवण्यासाठीच हा नकाशा रचला गेला.

वस्तुस्थिती: गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये हा नकाशा प्रसिद्ध केला तो खलाशांसाठी, हे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज चालवले तर त्याचा मार्ग गोलावर वक्र असतो, पण या नकाशावर तो सरळ रेषेत येतो. त्यामुळे पट्टी लावून रेषा आखावी, कोन मोजावा आणि जहाज हाकावे, एवढे सोपे काम उरते. आडवा आणि उभा ताण प्रत्येक ठिकाणी समान ठेवल्याशिवाय हे कोन अचूक राहत नाहीत, म्हणून क्षेत्रफळाचा फुगवटा ही या सोयीची किंमत आहे. मात्र ती सरळ रेषा सर्वांत कमी अंतराचा मार्ग नसते, आणि जगाच्या नकाशासाठी हाच नकाशा भिंतीवर टांगला गेला तेव्हा त्याचा उपयोग मूळ हेतूबाहेर झाला.

गैरसमज: गॉल-पीटर्स नकाशा हाच जगाचा खरा नकाशा आहे.

वस्तुस्थिती: जेम्स गॉलने 1855 मध्ये मांडलेले आणि आर्नो पीटर्सने 1973 मध्ये पुन्हा पुढे आणलेले हे प्रक्षेपण समक्षेत्र आहे, म्हणजे त्यात देशांच्या क्षेत्रफळांचे परस्परप्रमाण बरोबर राहते, परंतु त्यासाठी आकाराचा बळी द्यावा लागतो. त्यात 45 अंशांवरील अक्षवृत्तांपाशीच आकार योग्य दिसतो, विषुववृत्तावर प्रदेश रुंदीच्या मानाने दुप्पट उंच ताणले जातात, आणि 19 अंशांजवळच्या महाराष्ट्राची उंचीही रुंदीच्या तुलनेत सुमारे 1.8 पट वाढते. ध्रुवांकडे याउलट सारे चपटे होते.

गैरसमज: उत्तम गणिताने निर्दोष नकाशा काढता येईल.

वस्तुस्थिती: गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाऊस याने 1827 मधील सिद्धांतातून दाखवले. म्हणून विंकेल ट्रिपेलसारखी तडजोडीची प्रक्षेपणे क्षेत्रफळ, दिशा आणि अंतर यांपैकी कोणतीही एक गोष्ट पूर्ण अचूक न ठेवता सर्वांतील चूक थोडी थोडी वाटून घेतात. अशा नकाशावर जगाचे चित्र डोळ्यांना बरे दिसते, पण त्यावर ना दिशा मोजता येते ना क्षेत्रफळ. लोकसंख्येची घनता किंवा जंगलांचा विस्तार दाखवायचा असेल तेव्हा समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे, जहाजाची दिशा आखायची असेल तेव्हा मर्केटर घ्यावा, आणि दोन देशांच्या आकारमानाची तुलना करायची झाल्यास पृथ्वीगोलच समोर ठेवावा.